डब्याखालचे सत्तर

परीक्षा विभागातल्या कारकूनबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून सगळे त्यांना चष्मेआत्या म्हणतात. काल रडकुंडीला आलेली एक मुलगी त्यांच्या खिडकीशी उभी राहिली. निकालात प्रात्यक्षिकाचा रकाना कोरा होता आणि त्यापायी तिची नोकरी हुकणार होती. त्या गुणांचा कागद हरवून बसलेले तिचे सर आतल्या टेबलावरून म्हणाले, “गैरहजर असेल!”

“एकूण सहासष्ट टक्के तुम्हीच लावलेत ना, सर?” चष्मेआत्या म्हणाल्या. “लेखीत शंभरापैकी अठ्ठावन्न, वजन निम्मं, म्हणजे एकोणतीस. गृहपाठात ऐंशी, वजन वीस टक्के, म्हणजे सोळा. झाले पंचेचाळीस. वरचे एकवीस काय आभाळातून पडले? प्रात्यक्षिकाचं वजन तीस टक्के, म्हणजे पोरीला शंभरापैकी सत्तर!”

सरांनी टेबलावर शोधाशोध करत आपला जेवणाचा डबा उचलला. खाली तेलकट कागद निघाला, त्यावर सत्तरच! मुलगी हसली, सरांनी सही केली.