मौलवीसाहेबांची सनद आणि 'आहे'ची चौकशी

निजामाचं राज्य गेलं आणि हिंगोलीच्या तहसील कचेरीत इंग्रजी आली. नवे साहेब मुंबई इलाख्यातले. त्यांना उर्दू येत नव्हती आणि येत नाही याचा थोडा अभिमानही होता. जुने कागद सगळे उर्दूत, म्हणून आम्हा कारकुनांना तर्जुम्याला, म्हणजे भाषांतराला, बसवलं. मी शाळेत अरबी घेतली होती, कारण त्यात मार्क भरपूर पडतात अशी आवई होती. तेवढ्यावर कचेरीतला अरबीचा पंडित मीच ठरलो. वासरात लंगडी गाय शहाणी.

अरबी शिकवणारे मौलवीसाहेब अजून त्याच शाळेत होते. हुकूम निघाला की प्रत्येक मास्तरानं आपली लायकी इंग्रजीत दाखल करावी, नाहीतर घरी बसावं. मौलवीसाहेबांकडे मदरशाची सनद होती, ती अरबीत. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "ठीक से करना मियाँ," ते म्हणाले, "नौकरी इसी पे अटकी है." मग माझ्या अक्षराला दोन नावं ठेवली, कारण त्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

सनदेतली वाक्यं सोपी होती. 'हुव अहलुन लित्तदरीस.' शब्दाला शब्द लावला तर 'तो लायक शिकवण्यास'. अरबीत अशा वाक्याला क्रियापद लागत नाही. 'आहे' लिहीत नाहीत, ते समजून घेतात. इंग्रजीला मात्र त्यावाचून जमत नाही, म्हणून मी 'ही इज' लिहिलं. वर्तणूक चांगली, तिथंही 'इज'. बेइमानी काहीच नव्हती.

पण कागद साहेबांकडे जायच्या आधी पेशकारांच्या हातून जायचा. पेशकार म्हणजे आमचे हेडक्लार्क. तर्जुमा तपासायची त्यांची रीत अशी, की मूळ कागदातल्या एकेका शब्दावर बोट ठेवायचं आणि त्याचा इंग्रजी शब्द विचारायचा. अरबी त्यांना काळी का गोरी ठाऊक नव्हती.

"ह्यो 'इज' कुठाय यात?"

"तो लिहीत नाहीत, पेशकारसाहेब. धरून चालतात."

"सरकारी कागदात धरून चालतेत व्हय? उद्या तू याला वाडाबी धरून देशील." त्यांनी लाल शाईनं सगळे 'इज' उडवले. "पदरचं काही घालायचं न्हाई. बराबर?"

साहेबांपुढे गेलं ते असं: ही फिट टू टीच. हिज कॉन्डक्ट गुड. साहेब मोठ्यानं हसले. "असल्या भाषेत यांची लायकी सांगितलीय? मग लायकी दिसतेच आहे." मौलवीसाहेब शेजारी उभे होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हती, हसणं कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी सगळं समजावलं. साहेब उदार झाले. म्हणाले, क्रियापद मी घालतो. त्यांनी सनदेवरचं साल विचारलं आणि सगळीकडे 'वॉज' घातलं. लायक होता, वर्तणूक चांगली होती. "तेव्हाची गोष्ट आहे ना? आज तो लायक आहे, असं कुठं म्हटलंय?"

"साहेब, 'होता' म्हणायचं असतं तर अरबीत 'काना' लिहिलं असतं. 'काना अहलन' असं. इथं तो शब्द नाही, म्हणजे 'आहे'च. आपणही म्हणतो की, पोरगं हुशार, घराणं चांगलं. तिथं कोण विचारतं, होतं का आहे?"

"मराठीचं मला सांगू नका. अरबीत असंच असतं, हे कोण प्रमाणित करणार? अरबीचा जाणकार आहे का कुणी तालुक्यात?"

मी मौलवीसाहेबांकडे बोट केलं. तालुक्यात दुसरा होताच कोण?

"त्यांचं कसं चालेल?" साहेब म्हणाले. "सनद त्यांचीच ना."

म्हणजे त्यांना अरबी येते हे ठरवायला अरबी येणारा माणूस हवा, आणि तो मौलवीसाहेब सोडून दुसरा कुणी हवा. मी हे मौलवीसाहेबांना उर्दूत सांगितलं. एरवी माझ्या प्रत्येक वाक्यात चूक काढणारा माणूस, या वेळी त्याला काढायला चूक सापडली नाही. खरं सांगतो, साहेबांना 'इज' आणि 'वॉज'शी काही घेणं नव्हतं. त्या दिवसांत दाढीवाल्या मास्तराला घरी बसवायला निमित्तच हवं होतं, आणि तेही कायदेशीर दिसणारं.

आठवड्याभरात हुकूम आला. मौलवीसाहेब तो घेऊन माझ्याकडेच आले. एवढीच ओळ होती: सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड.

त्यात 'आर' नव्हतं आणि 'वेअर'ही नव्हतं. पेशकारांनी त्यावर बिनबोभाट शिक्का मारला होता, आणि अर्थ कुणालाही विचारावा लागला नाही.