महाविद्याखूप

माझे मार्गदर्शक स्वतःला भाषेचे पहारेकरी समजत. पीएच.डी.च्या चार वर्षांत माझ्या प्रबंधाचं एकही प्रकरण त्यांनी शेवटापर्यंत वाचलं नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की चेहरा असा करायचे, जणू कुणी त्यांच्या ताटात खडा टाकलाय.

प्रबंध होता दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बायकांवर. पेठ, सुरगाण्याहून आलेल्या त्या बायकांच्या मुलाखती मी त्यांच्याच बोलीत लिहिल्या होत्या. सगळा मजकूर क्लाउडवर, एकाच फाइलमध्ये. वर्गातली इतर मंडळी पेन ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरंच फायनल’ अशा फायली बाळगायची, आणि मी त्यांना हसायचे. शहाणपणा एवढा, की सरांनी “मला फाइल उघडू दे” म्हटल्यावर मी त्यांना सरळ संपादनाचे अधिकार देऊन टाकले. नुसती शेरे लिहिण्याची परवानगी पुरली असती. पण सरांना तसं कसं सांगायचं?

जमा करायला चार दिवस राहिले होते. कॉलेज रोडवरच्या डीटीपीच्या दुकानात मी पानांची मांडणी करून घेत होते. दुकान चालवणाऱ्या ताईंनी शेकडो प्रबंध हाताळलेले. त्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, “मॅडम, महाविद्याखूप म्हणजे काय?”

मुखपृष्ठावरच होतं ते. पुढे गेलो तर ‘नाहीब तहसीलदार कार्याखूप’. आणखी पुढे, ‘आहेवेलगतच्या बागा’. ताई हसायला लागल्या. मला हसू येईना, कारण कुणी काय केलंय ते माझ्या लक्षात आलं होतं. ‘लय’च्या जागी ‘खूप’, ‘नाय’च्या जागी ‘नाही’, ‘हाय’च्या जागी ‘आहे’. एका बटणात, सगळीकडे. विद्यालयातला ‘लय’सुद्धा सुटला नव्हता.

“उलटं करून टाकू?” ताईंनी विचारलं. “खूपचं परत लय?”

“नको, नको! माझ्या स्वतःच्या वाक्यांतही खूप, नाही, आहे आहेतच की. मग मीच त्या बायकांसारखी बोलायला लागेन.”

मी व्हर्शन हिस्टरी उघडली. उजवीकडे तारखा-वेळांची यादी आली, प्रत्येकीखाली बदल करणाऱ्याचं नाव. मंगळवारी दुपारी सरांचं नाव, आणि पानोपानी त्यांच्या रंगात रंगलेले शब्द. सोमवारची आवृत्ती मात्र शाबूत होती. अडचण एकच, मंगळवारनंतर दोन दिवस बसून मी निष्कर्षाचं प्रकरण लिहिलं होतं. सोमवारवर परत गेले असते तर फाइलमधून तेच गेलं असतं. म्हणून आधी ते प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये उतरवलं, मग सोमवारची आवृत्ती परत आणली आणि निष्कर्ष खाली जोडला. पाऊण तासाचं काम. त्या आवृत्तीला मी नाव दिलं, ‘बायकांच्या शब्दांत’.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले.

“मी? मी हातसुद्धा लावला नाही,” सर म्हणाले. “या क्लाउड-बिउडचा काही भरवसा नसतो.”

मी लॅपटॉप फिरवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. नाव तेच राहिलं.

“शुद्धीकरण केलं मी,” ते अखेर म्हणाले. “विद्यापीठात असली भाषा जात नाही.”

“सर, ही भाषा माझी नाहीये. हिच्यातच पुरावा आहे.” मी एक ओळ वाचून दाखवली, “‘काम हाय तवर इचारत्यात, मंग कोनी वळखत नाय.’ हे ती बाई बोललीये. दुरुस्त केलं तर ते तुमचं वाक्य होईल.”

“मग गाजव परीक्षकांसमोर,” ते म्हणाले, आणि सही केली. वाचलं तेव्हाही नाहीच.

बाहेर येताच मी त्यांचे संपादनाचे अधिकार काढून फक्त शेऱ्यांपुरते ठेवले. संध्याकाळपर्यंत एकच शेरा आला, ‘भाषा!’. पुढे काय, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी तो मिटवून टाकला. प्रबंध वेळेत जमा झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मुलाखतींची पानं उघडून ठेवली होती. त्या म्हणाल्या, बोली जशीच्या तशी ठेवली हे उत्तम केलं. मी तोंड उघडायच्या आत शेजारून सर प्रसन्नपणे म्हणाले, “माझा पहिल्यापासून तोच आग्रह होता.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कसलीही लाज नव्हती. मी बाईंना तिसरं प्रकरण काढायला सांगितलं आणि पुढे बोलत राहिले.