ताप नसलेल्या माणसाची गोळी

१९९९ साली गोंदियापलीकडे, सालेकसाकडच्या जंगलपट्टीत मी आरोग्यसेवक म्हणून रुजू झालो. दर पंधरवड्याला घरोघरी जायचं, ताप आहे का विचारायचं, बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि मलेरियाच्या कडू गोळ्या द्यायच्या. माझी सायकल दिसली की लोक मोहाच्या झाडांआड व्हायचे.

त्यातल्या एका गावात तापाच्या गोळ्या एका गोंड बाईच्या घरी ठेवलेल्या असत. मी तिला मावशी म्हणायचो. तिची मुलगी मेंदूत चढलेल्या तापानं तीन दिवसांत गेली होती. तेव्हापासून मावशी गोळी नुसती हातात देत नसे. ती गिळली की नाही ते पेशंटचं तोंड उघडून जिभेखाली बघायची.

दहा-बारा वर्षांत फवारणी झाली, मच्छरदाण्या आल्या, जागच्या जागी तपासणी करायच्या पट्ट्या आल्या. तापाचे पेशंट कमी झाले, आणि मी गावात न जाताच खोट्या काचपट्ट्या भरतो असा संशय आला माझ्यावर.

"घरी बसूनच काचा भरून राहिला का रे?" साहेब म्हणाले.

मी भरत नव्हतो. पण मलाही काहीतरी खटकत होतं. माणसं मरायची थांबली नव्हती. मृत्यूच्या नोंदी लिहिताना 'ताप' कमी आणि 'लकवा', 'छातीत कळ', 'झोपेत गेला' जास्त लिहावं लागत होतं. गावात कुणी करणीचं नाव घ्यायचं, कुणी रेशनच्या तांदळाचं.

मग बीपी आणि साखर तपासायचं नवं काम आलं. पहिल्याच दिवशी मावशीच्या अंगणात एकामागून एक वाढलेले आकडे दिसू लागले. सगळी काटकुळी, उन्हात राबणारी माणसं. बीपी हा गोंदियातल्या ढेरपोट्या शेठचा आजार, असं मी समजत होतो. मशीनच बिघडलं असणार. खात्री करायला पट्टा माझ्याच दंडाला बांधला. एकशे सत्तर, खाली एकशे दहा. आता तर मशीन खोटं हे पक्कंच झालं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्यांच्या पाऱ्याच्या मशीनवर दोनदा मोजलं, आठवड्यानं परत बोलावून पुन्हा मोजलं. आकडा तोच. त्यांनी माझ्या खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढून टेबलावर ठेवली, मीठ कमी करायला सांगितलं आणि रोजची गोळी लिहून दिली. मी ती दहा दिवस खाल्ली. काही दुखत नव्हतं, म्हणून सोडून दिली. लोकांना मात्र रोज गोळी खा म्हणून सांगत गावभर फिरलो.

मावशीचाही आकडा वाढलेला होता आणि तिच्या धाकट्या भावाचाही. भावानं मुकाट्यानं गोळ्या घेतल्या. मावशी अडून बसली.

"ताप नाई, दुखत नाई, मंग गोळी कायले?"

"पुढं लकवा होऊ नये म्हणून."

"किती दिवस?"

"रोज. कायम."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तापाची गोळी खाल्ली का ताप जाये. जो रोग जातच नाई, त्याची गोळी कोणाच्या फायद्याची, बाबू? तू खातो का?"

"खातो," मी म्हणालो.

"दाखव."

खिशात गोळी नव्हती. ती उठून आत गेली.

त्या दिवाळीनंतर तिचा भाऊ धानाच्या चुरण्यात, मळणी करताना, उभ्या-उभ्या कोसळला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. गाव म्हणालं, गोळीनंच केलं. मी पोचलो तेव्हा मावशीनं दारातच अडवलं. "काय चारलं तू माह्या भावाले?"

मी पाकिटं मागितली. पहिल्या दोन महिन्यांची रिकामी होती, पुढची जशीच्या तशी. बरं वाटतं म्हणून त्यानं सोडलं होतं. मावशी पाकिटं उलटीपालटी करून पाहत राहिली. आता गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. तरी सांगितलं, "मावशी, माझ्याही अशाच पडून आहेत घरी. मी खोटं बोललो."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी खाल्ली नाई."

ते वाक्य मला अजून सलतं.

भाऊ जगला. काठी घेऊन, पाय ओढत नाल्यापर्यंत जाऊ लागला. मी गोळी सुरू केली. खर्रा सोडायला मात्र दोन वर्षं गेली. मावशीनंही गोळी सुरू केली, पण दर महिन्याला पट्टा तिच्या दोन्ही दंडांना बांधून मोजायला लावायची आणि आधी माझा आकडा विचारायची. विश्वास तिनं पुरता टाकला नाही, आणि तो मागण्याचा हक्क मलाही उरला नव्हता.

एकदा तिचं बीपी मोजताना शेजारीण तापानं फणफणलेलं पोर घेऊन आली. तपासणीच्या पट्टीवर मलेरियाची रेघ उमटली. मावशीनं दंडाचा पट्टा स्वतःच सोडला.

"माहं थांबते," ती म्हणाली. "त्याचं थांबत नाई."