मोठी होणं

ट्रिप्लिकेनच्या मुलींच्या शाळेत जयवंतीअक्का ड्रिल शिकवत. जून आणि डिसेंबरात त्या प्रत्येक मुलीची उंची मोजत. चपला काढून, वेण्या सोडून, टाचा भिंतीला टेकवून उभं राहायचं. डोक्यावर सुताराचा काटकोनी लाकडी गुण्या ठेवून अक्का आकडा वाचत. तंजावरकडून आलेल्या मराठी घरातल्या, स्वतः पाच फुटांच्या आतल्याच. वरच्या वर्गातल्या उंच मुलींसाठी त्यांना स्टुलावर चढावं लागे आणि कोणी हसलं की त्या म्हणत, "हस हस. डोकं हाललं तर पाव इंच कमी लिहीन."

छापील तक्त्यातल्या सरासरीपेक्षा कमी भरलेल्या मुलीच्या प्रगतिपत्रकावर अक्का उंचीखाली लाल रेघ मारत. आईबापांनी दूध-भाताकडे लक्ष द्यावं एवढाच हेतू. एकसष्टच्या डिसेंबरात अशी रेघ साडेतेरा वर्षांच्या अलमेलूच्या पत्रकावर पडली. उंची चार फूट आठ.

तिसऱ्या दिवशी तिची आई तुळसी शाळेत आली, अक्कांसारखीच तंजावरकडच्या मराठी घरातली.

"अक्का, सोमवारपासून पोरीला सुया टोचायच्या ठरल्यात. सकाळच्या वर्गाला तिला उशीर होईल."

"कसल्या सुया?"

"मोठी होण्याच्या. आमच्या गल्लीतला कंपाउंडर देतो. चार सुयांत पोरगी मोठी होते म्हणतो. एकदा मोठी झाली की उंचीही सुटेल. आमच्या दिरांची कनका बघा ना, अकराव्या-साडेअकराव्या वर्षी मोठी झाली, केवढी उंच आहे! दोघींत वीस दिवसांचं अंतर. सासूबाई रोज दोघींना पाठीला पाठ लावून उभ्या करतात." तुळसीनं पदरानं तोंड पुसलं. "ही रडते आणि मग जेवत नाही."

अक्कांनी वही काढली. त्यात कनकाची ओळ शोधली. दहाव्या वर्षी चार फूट सहा, अकराव्या वर्षी चार फूट साडेनऊ, बाराव्या वर्षी चार फूट साडेअकरा, तेराव्या वर्षी पाच फूट अर्धा इंच. गेल्या सहा महिन्यांत जेमतेम पाव इंच.

"कनका मोठी झाली कधी म्हणालात?"

"साडेअकराव्या."

अक्का आकड्यांकडे बघत राहिल्या. साडेतीन इंचांची उडी त्याच्या आधीची होती. नंतर वाढ दर वर्षी कमी होत गेली होती. इतकी वर्षं त्या वहीच्या उभ्या रकान्यात मुलींची मुलींशी तुलना करत आल्या होत्या. एकाच मुलीची ओळ अशी आडवी वाचली नव्हती.

"तुळसीबाई, सुई थांबवा. आधी माझ्याबरोबर डॉक्टरणीकडे चला."

"मग लाल रेघ कशाला मारलीत?"

"चुकलं माझं," अक्का म्हणाल्या.

डॉक्टर कुमुदिनीबाई पुण्याकडच्या. नवरा रेल्वेत, म्हणून मद्रासला आलेल्या. अलमेलूचं प्रगतिपत्रक टेबलावर ठेवत तुळसी बसायच्या आधीच म्हणाली, "पोर अजून मोठी होत नाही वो."

"होईल की. चार फूट आठ काही फार कमी नाही."

"अय्यो, उंचीचं नाही विचारत मी!"

"आमच्यात मोठी होणं म्हणजे पाळी येणं," अक्कांनी सांगितलं.

"आणि उंच होणं?"

"तेही मोठी होणंच." अक्कांनी कंपाउंडरच्या सुयांचं आणि कनकाचंही सांगितलं.

डॉक्टरणीनं चष्मा काढला. "म्हणजे एका शब्दानं घोळ केलाय सगळा." त्यांनी पडद्यामागे अलमेलूला तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "छाती भरायला नुकती लागली आहे. आता उंचीचा जोर येईल, वर्षभर तरी. तो ओसरायला लागला की पाळी, अंदाजे दीड-दोन वर्षांनी. उंची आधी, पाळी मागून. कनकाचं हे सगळं लवकर झालं म्हणून ती आज उंच दिसते. तिचं वाढणं संपत आलंय, हिचं व्हायचंय. त्या सुयांनी हाडं वेळेआधी पक्की झाली तर उंची कायमची अडेल. तुम्ही स्वतः कधी मोठ्या झालात?"

तुळसी लाजली. "सोळाव्या वर्षी. तोवर मला सगळे बुटकीच म्हणत."

"आणि आता?"

"आता जावेपेक्षा बोटभर उंच आहे." मग म्हणाली, "सासूबाईंना काय सांगू?"

"मी येते सांगायला," अक्का म्हणाल्या.

त्या गेल्या, वही घेऊन. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समजा, नाही वाढली तर?"

"तर नाही वाढली. पण निदान आपण तिची वाढ अडवलेली नसेल."

सोमवारी अलमेलू वेळेवर वर्गात आली.

पुढच्या वर्षभरात ती तीन इंच वाढली. पंधरा पूर्ण झाल्यावर तिची पाळी आली, तेव्हा ती कनकापेक्षा जेमतेम इंचभर कमी होती. शाळा सोडताना दोघी सारख्याच होत्या, पाच फूट एक. शेवटच्या मोजणीला अक्का स्टुलावर चढल्या तेव्हा अलमेलूनं विचारलं, "अक्का, अजून किती?"

"आता फार नाही गं," अक्का म्हणाल्या, आणि आकडा तिच्याच ओळीत लिहिला.