इंदूताईंचा अडकित्ता

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवतो, आणि जिच्या कृपेने माणसाला बोलता येते व जिच्या अवकृपेने तो भलतेच ऐकतो, त्या वाग्देवीलाही वंदन करून हे लिहावयास घेतो. आज इंदूताईंचे वर्षश्राद्ध. त्यांच्या भाचीने आग्रह धरला की, घरच्या मुलांनी ज्यांना शिकवताना कधी पाहिलेच नाही त्या आजीविषयी मी काही लिहावे.

इंदूताई आमच्या नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवीत. शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खुर्ची, आणि हातात पितळी अडकित्ता. त्या सुपारी कातरीत बसत आणि ज्याला जे सांगावयाचे असे तो ते सांगत राही. अडकित्त्याची कुटकुट चालू आहे तोवर समजावे की आपले निवेदन ठीक चालले आहे. ती थांबली की ओळखावे, आपण घडलेले सोडून मनातले सांगू लागलो. मग चष्म्यावरून पाहून त्या म्हणत, "ते समोरचा बोलला का तूच बोलून राहिला गा?"

माझ्याइतका तो अडकित्ता कोणी थांबवला नसेल.

ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा त्याच शाळेत संस्कृत शिकवीत होतो. लहानपणापासून पाठशाळेत वाढलेला. मूळ ग्रंथाची एक ओळ आणि तिच्याखाली टीकेची तीन पाने, असेच वाचावयाची सवय. वसुधा नावाची एक मुलगी परीक्षेसाठी माझ्याकडे संस्कृत शिकावयास येई. ती कोराडीच्या वीजकेंद्रात टंकलेखिका होती आणि शहरात सदर भागात आई व धाकट्या भावासह राहत असे. परीक्षा झाली, शिकवणी संपली, भेटी मात्र राहिल्या. संध्याकाळी कोराडीची बस सदरला येई आणि मी थांब्यावर उभा असे. तिच्या पिशवीवर वीजकेंद्राच्या राखेचा बारीक थर असावयाचा. तो मी उपरण्याने झटकीत असे आणि त्यात मला केवढे पुण्य वाटे! मग चहा, घरापर्यंत चालणे, शनिवारी टेकडीच्या गणपतीचे दर्शन.

एका शनिवारी मी लग्नाचे विचारले. ती शांतपणे म्हणाली, "मला लग्न करायचं नाही. धाकट्याचं शिक्षण आहे, आई आहे. माझं मन तयार नाही, आणि कधी होईल ते ठाऊक नाही. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. तुमच्याशी बोलायला मात्र मला आवडतं."

एवढ्या स्वच्छ बोलण्यातून मी काय उचलावे? शेवटचे वाक्य. आधीची सर्व माझ्या लेखी प्रस्तावना झाली.

पुढे मी त्यावर टीका रचू लागलो. तिने प्रसादाचा पेढा अर्धा करून दिला, हे अनुराग. ती थांब्यावर उशिरा उतरली, ही लज्जा. तिच्या घरच्या रॉकेलसाठी मी रांगेत डबा घेऊन उभा राहू लागलो, तिच्या भावाला गणित येत नसे म्हणून स्वतः आधी गणित शिकलो. मला अमरावतीहून आलेल्या दोन स्थळांना माझ्या आईकडून नकार कळवला. आई देवापुढे बसून रडे, आणि मी तिला 'धीर धर' असे सांगे.

शेवटी आईनेच इंदूताईंना गाठले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला समोर बसवले.

"शास्त्रीबुवा, पहिले त्या पोरीचं बोलणं सांग. तुह्यं मंग."

मी सुरुवात केली, "तिचा आशय असा की..."

अडकित्ता थांबला. "आशय तुह्या घरी ठेव. शब्द सांग."

मी शब्द सांगितले. जसेच्या तसे मोठ्याने म्हणताना माझ्याच कानांना ते नवे वाटले. तरी मी म्हटले, "पण ताई, नको असते तर ती रोज भेटली असती का?"

"काहून नाही भेटणार? तिले तुह्यासंग बरं वाटते, हे खरं. तिले लग्न नाही पाहिजे, हेही खरं. ते खोटं बोलून नाही राहिली, तूच त्यातलं अर्धं फेकून देऊन राहिला. अन् जावयाची सारी कामं करून राहिला तू, पण जावयाचा पाट कोनं मांडला का तुह्यासाठी?"

अपमान गिळून मी म्हणालो, "तर मग मी अबोला धरतो. कळेल तिला."

"काय कळंल? तिनं सांगितलं ते खरं सांगितलं, त्याची तिले शिक्षा कायले? नाटक नको करू. मुदतही नको मागू, मन काय तारखेवर तयार होते? तुले काय पाहिजे ते सांग, तुह्यानं काय होत नाही ते सांग, अन् उद्यापासून काय करशील ते सांग. तिच्या आईसमोर नाही, देवळातही नाही. जिथून तिले उठून जाता येईल, तिथं."

त्या रात्री मी भाषण रचले. त्यात चातक होता, समुद्र होता, एक दीर्घ समासही होता. इंदूताईंनी ते ऐकले. अडकित्ता पहिल्या चातकापाशीच थांबला. "या पक्ष्याले सोड," त्या म्हणाल्या, आणि सगळ्याची तीन वाक्ये उरली.

सदरच्या चहाच्या दुकानाबाहेर बाकावर बसून ती मी वसुधेला सांगितली. "मला संसार हवा आहे. तुम्हाला तो नको आहे हे तुम्ही सांगितलंत, तरी रोज भेटून मी आशा धरतो, ते माझ्याने थांबत नाही. म्हणून उद्यापासून मी थांब्यावर येणार नाही; राग म्हणून नाही."

तिने पेला बाकावर ठेवला. "मला वाटलं, तुम्हाला कळलं आहे म्हणूनच तुम्ही येता," ती म्हणाली. "मी तर स्पष्ट सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. ऐकलं मी नव्हतं."

"शनिवार तरी राहू दे का?"

माझ्यातला टीकाकार ताडकन उठून बसला. याचा अर्थ काय? पण अर्थ तिलाच विचारावा, एवढे मी शिकलो होतो. "लग्नाविषयी तुमचं मन बदललं आहे का?" मी विचारले. तिने मान हलवली. नाही. तिचे डोळे भरले होते, आणि तरीही उत्तर नाही हेच होते. "मग काही काळ शनिवारही नको," मी म्हणालो. पिशवीवरची राख त्या दिवशी तिने स्वतः झटकली.

पुढचे कित्येक आठवडे मी दूरच्या रस्त्याने घरी जात असे. वसुधेने पुढे भावाला शिकवून उभे केले आणि फार उशिरा, आपल्या मनाने, लग्नही केले. मीही अमरावतीच्याच मुलीशी विवाह केला. अंतरपाटापाशी इंदूताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही हो म्हणाली ना गा? शब्दात?" म्हणाली होती.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. मी रोज जाऊन उशाशी बसू लागलो. अडकित्ता खिडकीत पडून होता; हातांत जोर उरला नव्हता. एके दिवशी त्या म्हणाल्या, "बाबू, थकली मी. रोज नको येत जाऊ."

मी लगेच म्हणालो, "मला त्रास होऊ नये असे तुम्हाला वाटते, म्हणून तुम्ही..."

त्यांनी खिडकीकडे बोट केले. मी थांबलो.

"मी काय म्हटलं?"

"रोज येऊ नकोस, म्हणालात."

"मंग?"

मी त्यांच्या पायांना हात लावला आणि उठलो. त्यानंतर चारच दिवसांत त्या गेल्या; ती आमची शेवटची भेट. त्यांच्या त्या शब्दांत आणखी काही होते का, याचा विचार मनात येतो. येतो तेव्हा मी जपाची माळ हाती घेतो.

हे वाचणाऱ्यांचे कल्याण होवो. आपल्या घरी जे बोलले जाईल ते बोलणाऱ्याचे राहो, ऐकणाऱ्याला ते पुरते ऐकू येवो, आणि आपल्या अंगणात जो येईल तो बोलावलेलाच असो.