तळाचं पाणी

माझी बायको गेली त्याला सात महिने झाले होते, तेव्हा जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर माती तपासणारे आले.

उंद्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती जागा. महाराष्ट्र झाला त्याच्या थोड्या वर्षांनी तिथं पंप लागला, अन् मी त्यावर पहिल्या दिवसापासून होतो. तेव्हा हातानं दांडा फिरवून डिझेल वर काढायचो. पंप बंद पडून बरीच वर्षं झाली. टाक्या काढून नेल्या, खड्डा बुजवला. आता ग्रामपंचायतीनं ती जागा अंगणवाडीसाठी घेतली होती. मागच्या कोपऱ्यात ग्रामसेवकानं एक लाकडी खुंटी ठोकून ठेवली होती. अंगणवाडीचा हातपंप तिथं बसणार होता. मातीचा अहवाल चांगला आला की काम सुरू.

ग्रामसेवकानं आम्हा दोघा जुन्या माणसांना बोलावलं. एक मी, चौथी शिकलेला. दुसरा मॅट्रिकवाला. तो माझ्यानंतर सहा वर्षांनी पंपावर लागला. लागला तोच खुर्चीत बसला, कारण त्याला इंग्रजीतलं रजिस्टर लिहिता यायचं. टाकीत दांडी टाकून डिझेल किती आहे ते मी मोजायचो, अन् लिहायचा तो. मालक आला की विचारायचा त्याला. तेव्हापासूनचा माझा त्याच्यावर राग आहे. लपवून काय करू.

नागपूरहून एक मॅडम आली होती, तिशीची, डोक्याला रुमाल बांधलेला. सोबत दोन गडी, लांब दांड्याचं गिरमिट, एक बर्फाची पेटी, अन् हातात मावेल असं एक यंत्र. आल्या आल्या तिनं आम्हा दोघांकडं पाहिलं अन् त्याला म्हणाली, "काका, तुम्ही बसा ना," अन् मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही सावलीत बसा." तो माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. पण त्याचे केस काळे आहेत, कारण त्याची बायको त्याला मेंदी लावून देते.

मॅडम कागदावर नकाशा काढत त्यालाच विचारत होती. टाक्या कुठं होत्या? गाडी कुठून रिकामी व्हायची? टाकीपासून पंपापर्यंत नळी कशी गेली होती? तो हात करून दाखवत होता, साहेबासारखा. दाखवलं ते बरोबर होतं, हे मला जास्त लागलं. एखादी गोष्ट चुकला असता तर बरं वाटलं असतं.

मग गड्यांनी चुन्याच्या रेघा आखल्या. सगळ्या जागेवर दहा-दहा मीटरचे चौकोन, अन् जिथं दोन रेघा भेटतात तिथं झेंडी. जिथं टाक्या होत्या, नळी होती, गाडी रिकामी व्हायची, तिथं झेंड्या जवळजवळ लावल्या. मॅट्रिकवाल्यानं विचारलं, "तिथं एवढ्या दाट काऊन, मॅडम?"

"गळायचं असेल तर इथंच गळलं असणार ना, काका. बाकी मैदानात नुसती खात्री करायची."

खोलीचंही तसंच. टाकीचा तळ दहा-एक फुटांवर होता, म्हणून तिथं त्याच्याही खाली जायचं. गळकं डिझेल तळातून निघतं अन् खाली जातं, वरची माती पाहून काही कळत नाही. बाकीच्या झेंड्यांवर एक मीटर पुरे. खाली दोनदा लागोपाठ स्वच्छ माती आली की थांबायचं.

गडी गिरमिट फिरवत, माती वर येई. मॅडम दर वेळी हातमोजे बदले. माती प्लास्टिकच्या पिशवीत अर्धी भरे, तोंड बंद करी, ढेकळं वरूनच चुरी अन् पिशवी सावलीत ठेवी. दहा-पंधरा मिनिटांनी यंत्राची नळी पिशवीत खुपसे. मातीतून निघालेली वाफ त्या यंत्राला कळते. आकडा जास्त आला की त्या भोकातली ताजी माती काचेच्या बरणीत काठोकाठ दाबून भरायची, वर हवा राहू द्यायची नाही, अन् बर्फाच्या पेटीत. ती लॅबला जाणार. प्रत्येक भोकानंतर गिरमिट साबणाच्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर या भोकाची घाण त्या भोकात दिसते.

मी एक ढेकूळ उचलून नाकाला लावलं तर मॅडम ओरडली, "आजोबा, वास नका घेऊ!"

"चाळीस वर्षं घेतला, बाई. आता काय होते?"

मॅट्रिकवाला हसला. "मॅडम, ह्याचं नाक म्हणजे तुमचं यंत्रच समजा."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तो बोलला होता.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. तुरीची डाळ, भाकर, ठेचा. रस्त्यावरूनच बोलत आली, "टोपी काऊन नाही घातली? गोळी घेतली का सकाळची? खिशात हाय, खिशात, ते पाहा!" तो पोरासारखा खिसा चाचपत होता. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. रोज मिळणाऱ्या गोष्टीचं कोणाला काय वाटते. मी दुसरीकडं तोंड केलं. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्हीबी घ्या अर्धी भाकर."

"भूक नाही."

भूक होती. सकाळी मी चहात पाव बुडवून खाल्ला होता. पण त्याच्या बायकोच्या हातची भाकर मला गिळवली नसती.

जेवणानंतर गडी मागच्या कोपऱ्यात गेले, खुंटीजवळच्या झेंडीवर. गिरमिटातून लाल मुरूम आला. मॅडमनं मुरूम बोटांत चोळून पाहिला. "इकडं सगळी काळी जमीन आहे, मग हा मुरूम? ही मूळचीच जमीन का, काका? का भर टाकली?"

"हाव, मूळचीच. मी लागलो तवापासून अशीच हाय."

तो खोटं बोलला नाही. तो लागला तेव्हा अशीच होती.

पण त्याच्या आधीचं मला माहीत होतं. पावसाळ्यात टाकीत पाणी झिरपायचं. दांडीच्या टोकाला मलम लावून टाकीत टाकायचो, तळाला पाणी असलं की मलमाचा रंग बदलायचा. मग ते तळाचं पाणी हातपंपानं बादल्यांत उपसायचं. त्यात डिझेल यायचंच. ते मी मागच्या कोपऱ्यात नेऊन ओतायचो, कमरेएवढ्या खड्ड्यात. सांगणारा मालक, ओतणारा मी. पाच पावसाळे. मग मैदान सारखं करायला मुरमाच्या गाड्या आल्या, खड्डा बुजला, अन् वरून अजून तीन-साडेतीन फूट भर पडली. म्हणजे मॅडमचं एक मीटरचं भोक घाणीपर्यंत पोचतच नव्हतं.

माझी बायको तेव्हा रोज माझा सदरा वेगळा धुवायची, बाकीच्या कपड्यांना वास लागू नये म्हणून. एकदा दगडावर सदरा आपटत म्हणाली होती, "जमीन म्हणजे मोरी हाय का? कोणाच्या तरी पोटात जाईल ते." मी तिला म्हणालो होतो, गप्प बस, तुले काय समजते.

यंत्रात शून्य आलं. मॅडमनं लिहून घेतलं. मी काही बोललो नाही. मला विचारलं नव्हतं. ज्याला विचारलं त्यानं सांगितलं. आता याची चूक कधीतरी निघेल, असं मला आतून गोड वाटत होतं. घरी जाऊन झोपलो तरी तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपत आलं. टाकीच्या खड्ड्याजवळ दोन भोकांत आकडे आले होते, बाकी मैदान स्वच्छ. गडी सामान बांधत होते. ग्रामसेवक खूश. मॅडम मॅट्रिकवाल्याला म्हणाली, "काका, तुमच्यामुळं काम सोपं झालं. तुमच्यासारखी माणसं भेटत नाहीत." त्याची बायको डबा हातात धरून उभी होती, तिचं तोंड फुललं. नवऱ्याकडं ती अशी पाहत होती की जसं आजच लग्न झालं.

अंगणवाडीच्या लेकरांचा विचार करून मी बोललो असं लिहिलं तर लोक मला चांगला म्हणतील. पण मला ते पाहवलं नाही, म्हणून बोललो.

"मॅडम, त्या कोपऱ्यातलं तुमचं शून्य खोटं हाय. त्याले काय माहीत? तो तवा नव्हताच."

मॅडम वळली. "म्हणजे?"

मग सगळं सांगावं लागलं. खड्डा, बादल्या, मुरमाची भर. कोण ओतायचं हेही.

मॅट्रिकवाला म्हणाला, "अरे मग काल काऊन नाही बोलला बे? घाण केली तू, अन् मले खोटं पाडून राह्यला!"

"तुले कोणी खोटं पाडलं? तुले माहीतच नव्हतं. खुर्चीतून मागचा कोपरा दिसते का?"

"आजोबा," मॅडम मधेच म्हणाली, आवाज कडक, "खड्डा नेमका कुठं होता?"

जुन्या भिंतीचा पाया दिसत होता. बादली घेऊन जितकी पावलं टाकायचो तितकी मोजली. पावलं आता लहान पडतात, म्हणून अंदाजानं दोन जास्त. तिथं उभा राहिलो. मॅडमची झेंडी चार मीटर लांब होती अन् खुंटी दोन हातांवर.

गिरमिट खाली गेलं. एक मीटर, शून्य. दीडला थोडा आकडा. सहा फुटांवर लाल मुरूम संपला अन् काळी चिकण माती वर आली, हिरवट डाग पडलेली. मला वास आला, यंत्राच्या आधी. यंत्रावर आकडा मात्र फार मोठा नव्हता. ग्रामसेवक म्हणाला, "मग एवढं काही नाही ना, मॅडम?"

"जुनं डिझेल आहे. उडून जाणारं कधीच उडून गेलं, म्हणून वाफ कमी." तिनं बाटलीत पाणी घेतलं, त्यात ती माती टाकून हलवली. पाण्यावर रंगीत तवंग आला.

मग ती रात्री परत गेलीच नाही, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्याभोवती तीन-तीन मीटरवर नव्या झेंड्या लागल्या, अन् प्रत्येक भोक स्वच्छ माती लागेपर्यंत खाली. नाल्याच्या बाजूच्या दोन भोकांत घाण आणखी खोल गेलेली निघाली. चार बरण्या पेटीत गेल्या. ग्रामसेवकानं खुंटी उपटली अन् काखेत धरून उभा राहिला, कुठं ठोकायची ते त्याला कळेना. मॅडम म्हणाली, "इथं पाणी नाही काढायचं. लॅबचं येऊ द्या, मग ही माती काढायचं ठरवू."

मॅडमनं माझं म्हणणं वहीत लिहून घेतलं. सही करायला सांगितली. मी सही केली, चौथीतली. तिनं माझे आभार मानले नाहीत. मानले असते तर मीही ऐकून घेतले नसते.

मॅट्रिकवाला बायकोबरोबर घराकडं निघाला. ती त्याला म्हणत होती, "सदरा काढून ठेवजा बाहेर, वास येऊन राह्यला." तो म्हणाला, "हाव, हाव." मी मागं उभा राहून ऐकलं. दोघं रस्त्याला लागेपर्यंत पाहत राहिलो, अन् त्याच्यावरचा राग काही केल्या गेला नाही.

घरी आलो. माझ्याही सदऱ्याला तोच वास होता. काढला, अन् मोरीजवळच्या दगडावर वेगळा टाकला, माझी बायको टाकायची तसा. तीन दिवस तिथंच पडला होता. मग मीच धुतला.