दादाची मळमळ

फुलचूरच्या घरी मी आणि माझा मोठा भाऊ संध्याकाळी एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं एक भुताटकीचा गेम खेळायचो. त्यात सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसायचं आणि थोड्याच वेळात दोघांनाही मळमळायचं. शेवटी मी सेटिंग्ज उघडल्या. आम्ही स्क्रीनच्या जवळ बसायचो आणि दृश्य मात्र अरुंद होतं, म्हणून फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, साठ अंशांवरून नव्वदवर नेला. पावलागणिक डुलणारा कॅमेरा थांबवला. वळताना चित्र पुसट करणारा मोशन ब्लर बंद केला.

माझी मळमळ गेली. दादा मात्र डोळे मिटून बसायचा.

"अजून त्रास होते का?" मी विचारलं.

"होऊन राहिला. गेमच्यानंच असंल."

तोच गेम, तीच स्क्रीन, मग फक्त त्यालाच का, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. मी गेमच काढून टाकला. तरीही एका सकाळी दात घासताना दादानं भिंत धरली.

"घर फिरून राहिलं," तो म्हणाला. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हेही त्यानं तेव्हाच सांगितलं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथं कानाच्या नसेवर गाठ निघाली. आता आम्ही ऑपरेशनची वाट पाहतो आहोत.